सोळा कोटींची टर्म शीट की चौदा कोटींची: भाच्याच्या कंपनीचं प्रकरण

माझा भाचा आणि त्याचा कॉलेजातला मित्र, दोघांची तुर्भ्याला एमआयडीसीत छोटी कंपनी आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये टेंपरेचर सेन्सर बसवायचे आणि रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर बंद पडला तर मालकाच्या फोनवर बोंब ठोकायची, एवढाच धंदा, पण वाशी एपीएमसीच्या आसपासचे आंबावाले, सफरचंदवाले, फ्रोझन मटारवाले पैसे देतात त्याचे. मी ठाण्यात नौपाड्याला कंपनी सेक्रेटरीची प्रॅक्टिस करते, त्यामुळे त्यांची कंपनी रजिस्टर झाल्यापासून फायलिंग माझ्याकडेच. एका रविवारी सकाळी हा पोहे खायला म्हणून आला आणि ताटली हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "आत्या, सोळा मिळतायत."

सोळा म्हणजे १६ कोटी प्री-मनी व्हॅल्युएशन, म्हणजे नवे पैसे येण्याआधी धरलेली कंपनीची किंमत. एक एंजेल फंड, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणारा फंड, ४ कोटी टाकायला तयार होता आणि त्यांनी दोन टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचे कागद, पाठवल्या होत्या. एक १६ ची, एक १४ ची. फोनवर त्यांचा माणूस म्हणाला होता की तुम्हाला सोळा हवेत ना, घ्या, फक्त दोन क्लॉज आमच्या पद्धतीने असतील, आणि चौदाला आलात तर ते दोन क्लॉज साधे ठेवू. सात दिवसांत सांगा. पोरांनी अर्थातच मनातल्या मनात सोळावर सही करून टाकलेली, कारण बेलापूरला त्यांच्या ओळखीच्या कोणाला तरी पंधरा मिळाले होते आणि आता ह्यांना सोळा.

मी म्हटलं आधी खा, मग फोन इकडे दे.

आधी शेअरचा हिशोब, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दोघं फाउंडर आणि ईसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेले शेअर, मिळून ८ लाख शेअर होते. १६ कोटी भागिले ८ लाख म्हणजे शेअरला २०० रुपये. फंड ४ कोटी टाकणार म्हणजे त्यांना २ लाख शेअर, एकूण १० लाख, फंडाचा हिस्सा २० टक्के. हे शेअर साधे इक्विटी नसतात, सीसीपीएस असतात, म्हणजे कधी ना कधी सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर. बदलताना कुठल्या भावाने बदलायचे त्याला कन्व्हर्जन प्राइस म्हणतात, ती सुरुवातीला २०० च असते, म्हणजे एकास एक. हा शब्द लक्षात ठेव असं मी त्याला तेव्हाच सांगितलं, कारण दुसऱ्या क्लॉजमध्ये सगळी गंमत ह्याच आकड्याची आहे.

पहिला क्लॉज लिक्विडेशन प्रेफरन्स. ह्याने तो वाचलाच नव्हता. म्हणाला, "अगं ते कंपनी बुडाली तर ना, बुडाल्यावर काय उरणारे, घेऊ देत." हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की आता हसू पण येत नाही. नाव लिक्विडेशन आहे म्हणून दिवाळं निघाल्यावरची गोष्ट वाटते, पण टर्म शीटमध्ये लिक्विडेशन इव्हेंटची व्याख्या बघितली तर त्यात कंपनी विकली, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, निम्म्याहून जास्त शेअरचा ताबा दुसऱ्याकडे गेला, मुख्य मालमत्ता विकली, हे सगळं येतं. उलट कंपनी खरंच दिवाळखोरीत गेली तर हा क्लॉज फारसा कामाचाच नाही, कारण तिथे दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ ची रांग लागते, तारण असलेली बँक, कामगार, सरकारी देणी वगैरे सगळे आधी, प्रेफरन्स शेअरवाले शेवटून दुसरे आणि इक्विटीवाले सगळ्यात शेवटी. म्हणजे हा क्लॉज चालतो तो कंपनी बरी चाललेली असताना, कोणीतरी विकत घ्यायला आल्यावर. तेव्हा पैसे कोणी कसे उचलायचे, त्याचा हा नियम.

त्याच्याच गिऱ्हाइकांचं उदाहरण दिलं. एपीएमसीतला व्यापारी आंब्याच्या बागायतदाराला सीझनच्या आधी उचल देतो. पेट्या विकल्या की आधी उचल वळती करून घेतो. इथवर सगळ्यांना मान्य आहे, पैसे त्याचे होते. पण समज व्यापारी म्हणाला की उचल वळती करून घेणारच, शिवाय उरलेल्या पैशातही मला भागीदारासारखा वाटा हवा, तर बागायतदार दोन शब्द सुनावेल की नाही? १६ च्या टर्म शीटमध्ये नेमकं हे होतं. १४ वालीत होतं ते असं की उचल घे किंवा भागीदाराचा वाटा घे, जे जास्त असेल ते एक घे, दोन्ही नाही. पहिल्याला पार्टिसिपेटिंग म्हणतात, दुसऱ्याला नॉन-पार्टिसिपेटिंग.

आणि इथे एक बारीक गोष्ट. तो फोनवर पार्टिसिपेटिंग हा शब्द शोधत बसला, सापडेना, म्हणाला आत्या ह्यात तर नाहीये. नव्हताच. वाक्य असं होतं की गुंतवणूकदाराला त्याची मूळ रक्कम मिळेल, आणि त्यानंतर उरलेली रक्कम सर्व शेअरधारकांमध्ये, गुंतवणूकदारासह, सगळे शेअर इक्विटीत बदलले आहेत असं धरून वाटली जाईल. "गुंतवणूकदारासह" ह्या एका शब्दात सगळं पार्टिसिपेशन बसलंय. त्यामुळे शब्द शोधू नकोस, उरलेल्या पैशाच्या वाक्यात त्यांचं नाव आहे का ते बघ. साध्या टर्म शीटमध्ये तिथे फक्त इक्विटीवाले असतात आणि आधीच्या वाक्यात "यापैकी जे जास्त" असं असतं.

मग लाइट बिलाच्या मागे हिशोब मांडला. समजा देणी वगैरे फेडून शेअरधारकांच्या हातात १० कोटी आले. पार्टिसिपेटिंगमध्ये फंड आधी ४ कोटी उचलणार, उरले ६, त्याचे २० टक्के म्हणजे १.२, एकूण ५.२ कोटी. नॉन-पार्टिसिपेटिंग असतं तर फंड बघणार की २० टक्के म्हणजे २ कोटी आणि मूळ रक्कम ४ कोटी, तर ४ घेऊन गप्प बसणार. फरक १.२ कोटीचा. आता ३० कोटीला विकली तर? पार्टिसिपेटिंगमध्ये ४ अधिक २६ चे २० टक्के म्हणजे ५.२, एकूण ९.२. नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये २० टक्के म्हणजे ६ कोटी हे ४ पेक्षा जास्त, म्हणून ते ६ घेणार. फरक ३.२ कोटी. २० कोटीच्या पुढे कितीही वर गेलात तरी हा फरक ३.२ वरच थांबतो, कारण तो म्हणजे त्यांच्या ४ कोटीतला तुमचा ८० टक्के वाटा. ५०० कोटीला विकलीत तर ३.२ कोटी कोणी मोजत बसत नाही, पण १५, २०, ३० कोटीला विकली गेली तर ते पैसे म्हणजे ह्या दोघांचा ठाण्यातला फ्लॅट आहे. आणि छोट्या कंपन्या विकल्या जातात त्या बहुतेक ह्याच टप्प्यात कुठेतरी, निदान माझ्या टेबलावरून गेलेल्या तरी.

तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "पण १४ घेतलं तर हिस्सा जास्त जातो ना?" बरोबर आहे, जातो. १४ प्री-मनी, अधिक ४, म्हणजे १८, फंडाचा हिस्सा २२.२२ टक्के. म्हणजे प्रश्न असा की २० टक्के पण उचल अधिक वाटा, का २२.२२ टक्के पण दोन्हीतलं एकच. हे एक समीकरण आहे आणि ते त्याने माझ्यासमोर स्वतः सोडवलं, इंजिनिअर आहे शेवटी. पार्टिसिपेटिंगमध्ये फंडाला मिळणारी रक्कम म्हणजे विक्रीच्या २० टक्के अधिक ३.२ कोटी. साध्या क्लॉजमध्ये २२.२२ टक्के. दोन्ही सारखे होतात ती विक्री किंमत आली १४४ कोटी.

त्याने परत केलं. परत १४४.

म्हणजे ४ कोटीच्या वर आणि १४४ कोटीच्या खाली कुठल्याही किमतीला कंपनी विकली गेली तर चौदाची टर्म शीट ह्या दोघांना जास्त पैसे देते, आणि सोळाची जास्त देते ती १४४ च्या पुढे गेल्यावर. वर्षाला दीड कोटीची विक्री असलेली कंपनी, तिने १४४ च्या आशेवर सोळा घ्यायचे? ३० कोटीच्या विक्रीत सोळावालीत फंड ९.२ नेतो, चौदावालीत ६.६७. ते जे दोन कोटी व्हॅल्युएशन जास्त मिळत होतं ते फंडाने दुसऱ्या खिशातून व्याजासकट परत घेतलेलं होतं.

तो म्हणाला, "आत्या, आपण आयपीओ केला तर?" पोरगं हुशार आहे, मुद्दा चुकीचा नाही. आयपीओच्या आधी सीसीपीएस इक्विटीत बदलावेच लागतात, मग लिक्विडेशन प्रेफरन्स संपतो, आणि तिथे २० टक्केवाली टर्म शीट खरंच चांगली. मी म्हटलं तुझा तेवढा भरवसा असेल तर सोळा घे, पण मग दुसरा क्लॉज पण वाच, कारण आयपीओपर्यंत अजून तीन-चार राउंड, म्हणजे नवे पैसे उभे करायचे टप्पे, तरी होतील आणि त्यातला एक जरी पडत्या भावाने झाला तर हा क्लॉज जागा होतो.

मध्ये एक तडजोड असते ती सांगते आणि पुढे जाते. पार्टिसिपेशनला कॅप लावतात, म्हणजे एकूण दुपटीपर्यंतच, इथे ८ कोटी. मग २४ कोटीच्या विक्रीला फंड ८ वर पोचतो आणि ४० कोटीपर्यंत ८ वरच बसून राहतो, ४० च्या पुढे २० टक्केच जास्त होतात म्हणून साध्या इक्विटीत बदलतो. विचित्र भाग असा की २४ ते ४० मध्ये भाव वाढवून घेण्यात फंडाला काडीचा रस नसतो, आणि विक्रीला त्यांची संमती लागते. तुम्ही ३८ साठी भांडताय आणि ते म्हणतायत २६ ला द्या की.

आता दुसरा क्लॉज, अँटी-डायल्यूशन. नाव ऐकून वाटतं की हिस्सा कमी होऊ नये म्हणून आहे, पण प्रत्येक नव्या राउंडला सगळ्यांचाच हिस्सा कमी होतो, त्याला हा क्लॉज हात लावत नाही. हा फक्त भाव पडला तर लागतो. फंडाने २०० ने घेतले आणि पुढे तुम्ही कोणाला १०० ने दिलेत, तर फंड म्हणतो माझी कन्व्हर्जन प्राइस खाली आणा, म्हणजे माझ्या त्याच ४ कोटीला जास्त इक्विटी शेअर मिळतील. पैसे नवे टाकायचे नाहीत, शेअर वाढतात, आणि ते वाढतात तुमच्या हिश्शातून. किती खाली आणायची ह्याच्या पद्धती आहेत. १६ वालीत फुल रॅचेट होतं, १४ वालीत ब्रॉड-बेस्ड वेटेड अॅव्हरेज.

फुल रॅचेट म्हणजे सरळ खाली, नवा भाव जो असेल तो. नवा राउंड २ कोटीचा, १०० रुपयांनी, तर फंडाचे २ लाखाचे ४ लाख शेअर होतात. वेटेड अॅव्हरेजमध्ये मात्र किती शेअर स्वस्तात दिले ते मोजतात. सूत्र असं:

```
CP2 = CP1 × (A + B) / (A + C)
```

CP1 जुनी कन्व्हर्जन प्राइस, A राउंडच्या आधीचे एकूण शेअर, B म्हणजे आलेल्या पैशात जुन्या भावाने किती शेअर आले असते, C म्हणजे प्रत्यक्षात किती दिले. तुलना नीट व्हावी म्हणून मी दोन्हीकडे सोळावालीचेच आकडे धरले. A १० लाख, B १ लाख, C २ लाख. २०० गुणिले ११ भागिले १२, म्हणजे १८३.३३ रुपये. फंडाचे २ लाखाचे साधारण २ लाख १८ हजार होतात. तुमची बाजू, म्हणजे ते ८ लाख शेअर, कुठलाच क्लॉज नसता तर ६६.७ टक्क्यांवर असती, ह्यात ६५.७ वर येते. एक टक्का. आणि फुल रॅचेटमध्ये ५७ वर.

पण हा सुद्धा खरा आकडा नाही. मी त्याला विचारलं, नवा गुंतवणूकदार १०० रुपये भाव कुठून काढेल? तो म्हणाला प्री-मनी १० कोटी भागिले १० लाख शेअर. अरे पण नवा माणूस मूर्ख आहे का, त्याला दिसतंय की मी पैसे टाकताक्षणी रॅचेट फिरून शेअर वाढणार आहेत, तर तो वाढलेल्या शेअरनी भागणार. मग भाव १०० च्या खाली येतो. भाव खाली आला की रॅचेट अजून फिरतं, शेअर अजून वाढतात, भाव अजून खाली. हे कुठे थांबतं ते काढता येतं. १० कोटी बरोबर भाव गुणिले, ८ लाख अधिक ४ कोटी भागिले भाव. सोडवलं की ८ लाख गुणिले भाव बरोबर ६ कोटी, म्हणजे भाव ७५ रुपये. फंडाचे शेअर ५ लाख ३३ हजार होतात, नव्या माणसाचे २ लाख ६७ हजार, एकूण १६ लाख, आणि तुमची बाजू ५० टक्के. त्यातले १ लाख ईसॉपचे, म्हणजे दोघं फाउंडर मिळून ४३.७५.

तो त्या लाइट बिलाकडे बघत राहिला. समीकरणाकडे नीट बघितलं तर कळतं काय चाललंय. फुल रॅचेट असलं की जुन्या फंडाचे ४ कोटी नव्या प्री-मनीतून सरळ वजा होतात. दहाची कंपनी, तुमच्यासाठी सहाची. आणि प्री-मनी ४ कोटीवर आली तर तुमच्या शेअरचा भाव शून्य, गणितच जुळत नाही, म्हणजे राउंडच होत नाही. म्हणून फुल रॅचेट असलेल्या कंपनीत पडत्या काळात नवा माणूस आला की त्याची पहिली अट असते की जुन्या फंडाने हा हक्क सोडावा, मग फंड आणि नवा माणूस आपसात वाटाघाटी करतात आणि फाउंडर बाहेर पॅसेजमध्ये चहा पीत उभा.

शिवाय दोन क्लॉज एकमेकांना धरून आहेत, हे सुटं सुटं वाचलं तर दिसत नाही. ह्या राउंडनंतर फंडाचा हिस्सा २० चा ३३ टक्के झाला. आता कंपनी ३० कोटीला विकली आणि नव्या माणसानेही पार्टिसिपेटिंगच मागितलं असेल, जे तो मागणारच कारण आधीच्याला दिलंय, तर आधी ४ आणि २ असे ६ कोटी बाजूला, उरलेल्या २४ मधले निम्मे तुमच्या बाजूला, १२ कोटी. ३० ला विकून १२, ईसॉपसकट.

इथवर सगळं कागदावरचं होतं. खरा घाम फुटला तो पुढच्या वाक्याला. सहज म्हणाला, "बरं झालं आता आमचा कुठला स्वस्त राउंड नाहीये, फक्त रबाळ्याच्या त्या काकांना ५ हजार शेअर द्यायचेत."

रबाळ्याचे काका म्हणजे ज्यांनी ह्यांचं पहिलं सर्किट बोर्ड फुकटात डिझाइन करून दिलं ते. त्यांना अर्धा टक्का द्यायचं तोंडी ठरलेलं, फेस व्हॅल्यूने, म्हणजे १० रुपयांनी. ते पगारी कर्मचारी नाहीत म्हणून ईसॉप देता येत नाही. कोणीतरी सांगितलेलं की राइट्स इश्यू करा, म्हणजे जुन्या शेअरधारकांनाच नवे शेअर देऊ करा, तुम्ही तुमचा हक्क त्यांच्या नावे सोडा, फंडाचे पैसे आले की करून टाकू. पद्धत म्हणून होते अशी, त्यांच्या हातात टॅक्स लागतो तो वेगळा विषय. पण फुल रॅचेट किती शेअर दिले ते बघत नाही, फक्त भाव बघतं. ५ हजार शेअर १० रुपयांनी, म्हणजे कंपनीत आले ५० हजार रुपये, आणि फंडाची कन्व्हर्जन प्राइस २०० ची १०. ४ कोटी भागिले १०, ४० लाख शेअर. तुमचे ८ लाख राहिले ४८ लाखात, साधारण १६.६ टक्के.

त्याने दोनदा विचारलं, "पन्नास हजारासाठी?" हो, पन्नास हजारासाठी. फंड खरंच तसं करेल का? बहुधा नाही, लाज वाटेल त्यांनाही. पण हक्क त्यांच्या हातात राहतो आणि पुढच्या प्रत्येक बोलण्यात तो टेबलावर असतो. तेच वेटेड अॅव्हरेजमध्ये टाकून बघ म्हटलं. B आला २५०, C आला ५ हजार, नवी प्राइस १९९.०५. फंडाला साधारण ९५० शेअर जास्त. संपलं.

म्हणून ह्या क्लॉजमध्ये सूत्राइतकीच अपवादांची यादी महत्त्वाची असते, म्हणजे कुठल्या कुठल्या शेअरला हा नियम लावायचा नाही. ईसॉप, बोनस, स्प्लिट, सीसीपीएसचं रूपांतर, बँकेला कर्जासोबत दिलेले थोडे वॉरंट, इतकं तरी असायला हवं. सोळावालीत यादीच नव्हती, ईसॉप सुद्धा नाही. म्हणजे पोरांनी पूलमधले शेअर एखाद्या टेक्निशियनला १० रुपयांनी दिले असते तरी तेच. मला वाटतं हे मुद्दाम नव्हतं, कोणीतरी जुना नमुना उचलून चिकटवलेला, पण सही झाल्यावर मुद्दाम का चुकून ह्याने काय फरक पडतो.

काकांचं मात्र अपवादात घालायलाही नको होतं. दोघांनी स्वतःच्या शेअरमधून अडीच-अडीच हजार काकांना ट्रान्सफर करायचे, तेही फंडाचे पैसे येण्याआधी. ट्रान्सफर म्हणजे नवा शेअर काढणं नाही, कंपनीने काही विकलेलं नाही, रॅचेट काय कुठलाच अँटी-डायल्यूशन त्याला लागत नाही. एकूण आकडा ८ लाखच राहतो. पैसे आल्यानंतर तेच करायला गेलात तर फाउंडरच्या शेअरवर लॉक-इन असतो, मग फंडाची परवानगी मागत बसा. म्हणून आधी.

सोमवारी त्यांनी फंडाला कळवलं की चौदावाली. फंडाच्या माणसाला जरा आश्चर्य वाटलं म्हणे. भाच्याने पंधरा मागून बघितले, ते नाही म्हणाले, पण अपवादांची यादी मान्य केली. टर्म शीट साधारणपणे बंधनकारक नसते, गोपनीयता आणि इतक्या दिवसांत दुसऱ्याशी बोलायचं नाही एवढंच बंधनकारक असतं, तरी एकदा तिच्यावर सही झाली की नंतर क्लॉज बदलून घेणं म्हणजे साखरपुड्यानंतर हुंड्याचं बोलण्यासारखं, तेव्हा जे काय ते आधीच.

आणि तरीही शेअरहोल्डर्स अॅग्रीमेंटचा मसुदा आला त्यात एक खोच होतीच. टर्म शीटमध्ये स्वच्छ ब्रॉड-बेस्ड लिहिलेलं, मसुद्यात सूत्र बरोबर, पण A ची व्याख्या अशी की "गुंतवणूकदारांनी धारण केलेले शेअर". म्हणजे A मध्ये पूर्ण कंपनीचे १० लाख न धरता फक्त फंडाचे २ लाख. ह्याला नॅरो-बेस्ड म्हणतात. आधीच्याच उदाहरणात टाकलं तर २०० गुणिले ३ भागिले ४, प्राइस १८३ च्या जागी १५०, आणि फंडाचे शेअर २ लाख ६७ हजार. नाव तेच राहिलं, एका व्याख्येने साडेतीनपटीहून जास्त शेअर वाढले. ही व्याख्या क्लॉजच्या जवळ नव्हती, चाळीस पानं आधी, व्याख्यांच्या यादीत होती. मी वकिलाला मेल टाकायला लावलं की इथे फाउंडरचे शेअर, सगळे सीसीपीएस रूपांतर झाल्याप्रमाणे आणि पूर्ण ईसॉप पूल धरा, दिलेला आणि न दिलेला दोन्ही. एका दिवसात बदलून आलं, वाद नाही काही नाही.

बाकी दोन गोष्टी माझ्या कामाच्या. हे सगळं फक्त अॅग्रीमेंटमध्ये ठेवून चालत नाही, कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, आणावं लागतं. १९९१ साली रंगराज प्रकरणात सुप्रीम कोर्टाने शेअर ट्रान्सफरवरच्या बंधनाबद्दल म्हटलं होतं की आर्टिकल्समध्ये नाही तर कंपनीवर बंधनकारक नाही, तेव्हापासून कुठलाच फंड आर्टिकल्स बदलल्याशिवाय पैसे सोडत नाही. त्यामुळे आर्टिकल्सचा मसुदाही शब्द न शब्द ताडून बघावा लागतो, कारण अॅग्रीमेंटमध्ये बदललेली व्याख्या आर्टिकल्सच्या मसुद्यात जुनीच राहिली असं होतं, इथेही झालं होतं, A परत दोन लाखावर. दुसरं म्हणजे हा फंड भारतातला होता. परदेशी असता तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमाने रूपांतराचा भाव शेअर देतानाच्या फेअर व्हॅल्यूच्या खाली जाऊ शकत नाही, म्हणजे तिथे रॅचेटला खाली एक फरशी असते आणि मग ते लोक उरलेलं फाउंडरच्या शेअरमधून वगैरे वसूल करायचे मार्ग लिहितात, ते वाचायला वेगळा वकील लागतो.

काकांचं ट्रान्सफर बुधवारी झालं, फंडाचे पैसे त्यानंतर नऊ दिवसांनी आले, १७५ च्या भावाने २ लाख २८ हजार ५७१ सीसीपीएस अलॉट झाले आणि पंधरा दिवसांची मुदत असते त्यातल्या बाराव्या दिवशी मी पीएएस-३, म्हणजे शेअर अलॉट केल्याचा सरकारी फॉर्म, भरला. त्याच संध्याकाळी माझ्या भावाचा फोन, पोराचं कौतुक करायला, आणि पहिलाच प्रश्न, "ताई, सोळा मिळत होते म्हणे, मग चौदाला का दिली?" मी म्हटलं त्याच्याकडे माझं लाइट बिल आहे, ते माग, आणि वाचून झालं की परत पाठव, अजून भरायचंय.